व्हिएन्ना ते व्हेनिस, रात्रीच्या गाडीत आईला घेऊन

प्रश्न: मी (३१) आणि आई (६३, गुडघे दुखतात) मे महिन्यात व्हिएन्नाहून व्हेनिसला रात्रीच्या गाडीने जायचं म्हणतोय. सहा जणांचं कुशेट परवडतंय, पण अनोळखी पुरुषांबरोबर बंद खोलीत रात्र काढायची म्हणजे भीती वाटते. दोन मोठ्या बॅगा आहेत, त्या कुठे ठेवतात? चादरी, उशा घरून न्यायच्या का?

उत्तर:

मी बारा-तेरा वर्षं आठ-दहा जणांचे छोटे ग्रुप घेऊन युरोपात रेल्वेने फिरवतो. माझ्याकडची बहुतेक मंडळी पन्नाशीच्या पुढची असतात, त्यामुळे गुडघे, बॅगा आणि 'शेजारी कोण असेल' हे तिन्ही विषय मला तोंडपाठ आहेत. तुम्हाला भीती वाटतेय ती पुरुषांची, पण माझ्या अनुभवात त्रास झालाय तो बहुतेक वेळा बॅगांचा आणि दाराच्या कडीचा. पुरुषांचा प्रश्न बुकिंग करतानाच सुटतो. बाकीच्या दोन गोष्टी मात्र गाडीत चढल्यावर तुमच्याच हातात असतात.

आधी कुशेट म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. आपल्या थ्री टियर एसीमधला आठ बर्थचा एक भाग घ्या, त्यातले दोन साइड बर्थ काढून टाका आणि उरलेल्या सहा बर्थना पॅसेजच्या बाजूने सरकतं दार लावा. झालं कुशेट. दोन्ही बाजूंना तीन-तीन बर्थ, मध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा, समोर खिडकी, मागे दार. दार लावलं की आतले सहा जण आत आणि बाकीची गाडी बाहेर. आपल्याकडच्या थ्री टियरमध्ये शेजारच्या पॅसेजमधून रात्रभर माणसं जात-येत असतात, तसं इथे नसतं. म्हणूनच 'बंद खोली' या शब्दाने तुम्ही घाबरताय तिथे मला उलट वाटतं. त्या खोलीला दार आहे हीच कुशेटची जमेची बाजू.

ऑस्ट्रियन रेल्वेच्या नाइटजेट गाड्यांत साधारण तीन प्रकारचे डबे लागतात. Sitzwagen म्हणजे बसायचा डबा, Liegewagen म्हणजे कुशेट आणि Schlafwagen म्हणजे स्लीपर. नावाने फसू नका, आपल्याकडे स्लीपर हा स्वस्तातला डबा, तिथे तो सगळ्यात महाग. त्यात एक ते तीन जणांची खोली, आत वॉशबेसिन आणि अंथरलेली गादी असते. साइटवर सगळ्यात वर जो कमी आकडा दिसतो तो पुष्कळदा बसायच्या डब्याचा असतो, आणि लोक तिथेच चुकतात. त्या डब्यात रात्रभर माणसं चढतात-उतरतात, दार आतून लावून झोपायची सोय नसते, आणि झोप लागली की सामानावर लक्ष ठेवायला कुणी नसतं. पैसे वाचवायचे तर हॉटेलात वाचवा, जेवणात वाचवा, पण आईंना घेऊन बसायच्या डब्यात रात्र काढू नका. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

तुम्हाला सहा जणांचा पर्याय दिसतोय, म्हणजे तुमच्या तारखेला जुन्या धाटणीचे डबे आहेत. डिसेंबर २०२३ पासून काही मार्गांवर नवीन गाड्या आल्या आहेत. त्यांत कुशेट चार जणांचं असतं आणि शिवाय एकट्या माणसासाठी 'मिनी केबिन' असते. बुकिंगच्या पानावर मिनी केबिन दिसली तर गाडी नवी आहे असं समजा. आईंसाठी ती घेण्याच्या मोहात पडू नका. वरच्या केबिनमध्ये जायला चढावं लागतं, आणि खालची मिळाली तरी आत उभं राहता येत नाही.

आता बुकिंग. nightjet.com वर व्हिएन्ना ते व्हेनिस टाकून तारीख दिलीत की डब्यांचे प्रकार समोर येतात. साधारण सहा महिने आधी तिकिटं सुटतात, पण रुळांची कामं चालू असली तर त्या तारखा बऱ्याच उशिरा उघडतात. 'गाडी दिसत नाही' म्हणजे 'गाडी बंद झाली' असं नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. दोघींचं तिकीट एकाच बुकिंगमध्ये काढा. वेगवेगळं काढलंत तर वेगवेगळ्या कंपार्टमेंटमध्ये जागा मिळू शकते, आणि आपल्याकडे करतो तसं 'जरा ॲडजस्ट करा ना' तिथे दर वेळी चालतंच असं नाही.

कुशेट निवडल्यावर दोन गोष्टी विचारल्या जातात, आणि तुमचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. पहिली म्हणजे महिलांचं कंपार्टमेंट हवं का. जर्मनमध्ये त्याला Damenabteil म्हणतात. काही न निवडता पुढे गेलात तर मिश्र कंपार्टमेंट मिळतं, आणि तिथे तुमच्या समोरच्या बर्थवर पुरुष असणं अगदी नेहमीचं आहे. दुसरी म्हणजे बर्थ खालचा, मधला की वरचा. हे पसंती म्हणूनच घेतलं जातं, हमी नसते, पण लवकर बुकिंग केलं तर बहुधा मिळतं.

तुम्ही माझ्या ग्रुपमध्ये असतात तर मी काय केलं असतं ते सांगतो. सगळ्यात आधी चार जणांच्या कुशेटमध्ये महिलांचा पर्याय मिळतो का बघितलं असतं. चारचं घ्या म्हणतो ते माणसं कमी म्हणून नव्हे, त्याचं कारण आईंचे गुडघे. सहाच्या कंपार्टमेंटमध्ये मधला बर्थ उघडला की खालच्या माणसाला ताठ बसता येत नाही. रात्री बाथरूमला जायचं तर आईंना आडव्याच कडेला सरकावं लागेल, मग मान वाकवून पाय खाली सोडायचे आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत गुडघ्यांवर भार देऊन उठायचं. आपल्या थ्री टियरमध्ये लोअर बर्थवर हा प्रकार त्यांनी अनुभवला असेलच. चारच्या कंपार्टमेंटमध्ये मधला बर्थ नसल्याने खालच्या बर्थवर नीट बसून, वेळ घेऊन उठता येतं. डबा पुष्कळदा तोच असतो, फक्त मधले बर्थ मिटलेले ठेवतात. थोडे जास्त पैसे जातात ते या मोकळ्या जागेचे.

चारमध्ये महिलांचं नसेल तर महिलांचं सहाचं घ्या, पण आईंना खालचा आणि तुम्हाला वरचा. मधला कुणालाच नको. मधल्या बर्थवर ना बसता येतं ना सामान जवळ राहतं. वरचा मात्र लोक उगाच टाळतात. तिथे डोक्यावर मधल्यापेक्षा जास्त जागा असते, सामानाची वरची फळी हाताशी असते, आणि रात्रभर कुणी तुमच्यावरून चढत-उतरत नाही. शिडी असते. ऊब वर चढत असल्याने थोडं उकडतं, एवढाच त्रास. तिसरा पर्याय म्हणजे दोघींसाठी आख्खं कंपार्टमेंट खासगी घेणं. काही तारखांना त्याचा भाव चारमधल्या दोन बर्थपेक्षा फार वर नसतो, काही तारखांना दुपटीच्या पुढे जातो. बघून ठरवा. या गाड्यांचे भाव विमानासारखे हलतात, त्यामुळे मी आकडे देत नाही.

इथे एक पोटप्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगतो. स्वस्तातलं 'श्पारशीने' तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं आणि रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. शेंगेन व्हिसा हातात नसेल तर ते घेऊन बसणं म्हणजे जुगार. व्हिसा आल्यावर भाव वाढलेला असू शकतो हेही खरं. माझ्या ग्रुपसाठी मी सरळ महागडं, बदलता येणारं तिकीट काढतो, कारण दहा जणांतल्या एकाचा तरी व्हिसा ऐनवेळेपर्यंत लटकतोच. तुमचं दोघींचं गणित वेगळं असू शकतं.

आता सुरक्षिततेकडे येतो. रात्रीच्या गाडीत चोरी होते ती कशी, हे एकदा समजलं की काय करायचं ते आपोआप कळतं. चोर सहसा तुमच्या कंपार्टमेंटमधला नसतो. त्याचं नाव आणि बर्थ नंबर तिकिटावर असतो, आणि सकाळपर्यंत तो तिथेच अडकलेला असतो. चोरी करणारा मधल्या स्टेशनला चढतो, पॅसेजमधून चालत एकेक दार हलकेच ओढून बघतो, जे सरकेल तिथे हात घालून हाताला लागेल ते उचलतो आणि गाडी सुटायच्या आत उतरतो. त्याच्याकडे बॅगा उघडत बसायला वेळ नसतो. दाराजवळ काय आहे आणि एका झटक्यात काय उचलता येईल, एवढंच तो बघतो.

माझ्या एका ग्रुपमधल्या नाशिकच्या काकांचं असंच झालं. गाडी आणि देश कुठला ते सोडा. कमरेचा पाउच झोपताना टोचतो म्हणून त्यांनी तो दाराशेजारच्या हुकाला अडकवला. वर जॅकेट टाकलं, म्हणजे दिसणार नाही. पहाटे साडेतीनला आमच्यातलंच एक माणूस बाथरूमला गेलं, दार नुसतं ओढून. बरोबर त्याच वेळी गाडी एका स्टेशनात उभी होती. परत आलेल्याला काही कळलं नाही, त्याने आत येऊन कडी लावली आणि झोपला. सहाला काका उठले तेव्हा जॅकेट जागेवर होतं, पाउच नव्हता. पासपोर्ट आणि त्यातला व्हिसा दोन्ही गेले. पुढचे चार दिवस आम्ही पोलिस रिपोर्ट, फोटो आणि भारतीय दूतावास यांत घालवले. दूतावासाने इमर्जन्सी सर्टिफिकेट दिलं, पण त्यावर फक्त भारतात परत येता येतं. काकांची सहल तिथेच संपली. कंपार्टमेंटमधल्या अनोळखी माणसांचा यात काडीचा संबंध नव्हता.

म्हणून दाराचं नीट समजून घ्या. दाराच्या मुठीपाशी एक कुलूप असतं. ते अटेंडंट आपल्या किल्लीने बाहेरून उघडू शकतो, आणि तसं असायलाच हवं, कारण कुणी आजारी पडलं तर आत यावं लागतं. त्याशिवाय बहुतेक डब्यांत वरच्या बाजूला एक वेगळा खटका किंवा साखळी असते. ती लावली की किल्लीनेसुद्धा दार पुरतं उघडत नाही, फक्त बोलण्यापुरती फट पडते. कुठे आहे ते दिसलं नाही तर अटेंडंटला विचारा, तो लावून दाखवतो. झोपण्यापूर्वी दोन्ही लावा आणि आपणच एकदा दार ओढून बघा. बाहेरून मात्र ही दारं प्रवाशांना लावता येत नाहीत. म्हणजे सहापैकी कुणीही बाथरूमला गेलं की तेवढा वेळ दार उघडं राहतं. रात्री निदान चार वेळा हे होणार. त्याला उपाय नाही, आणि दर वेळी कुणी कुणाला उठवून कडी लावायला सांगत नाही.

मग तेवढ्या दहा मिनिटांसाठी तुमची काळजी अशी घ्यायची. पासपोर्ट, कार्डं आणि मोठ्या नोटा कपड्यांच्या आत, अंगाला लावून. टोचलं तरी चालेल. मोबाइल चार्जिंगला लावून झोपायचं नाही. तसंही जुन्या डब्यांत प्रत्येक बर्थला प्लग नसतो, आणि जो असतो तो पुष्कळदा खाली, सगळ्यांच्या हाताशी. पॉवर बँक न्या आणि फोन उशीखाली ठेवा. आणि उशी खिडकीच्या बाजूला करा. बर्थ खिडकीपासून दारापर्यंत आडवे असतात, त्यामुळे डोकं कुठे करायचं हे आपल्या हातात असतं. दाराकडे पाय केले की दारातून आलेल्या हाताला फक्त तुमचे मोजे सापडतात. खिडकीकडून थोडं गार लागतं, तर डोक्याला ओढणी गुंडाळा.

'गॅस सोडून बेशुद्ध करतात आणि लुटतात' ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मलाही दर सहलीत एक जण सांगतो. सहा जणांना जाग न येता झोपवेल आणि तरी कुणाला इजा करणार नाही असा वायू चालत्या डब्यात दाराच्या फटीतून सोडणं भूलतज्ज्ञांच्या दृष्टीनेच अशक्यातलं आहे. दिवसभर चालून दमलेला माणूस इतका गाढ झोपतो की त्याला ते गॅससारखंच वाटतं, एवढंच.

प्रत्येक डब्याला एक अटेंडंट असतो, त्याची छोटी केबिन डब्याच्या टोकाला असते. गाडी सुटल्यावर तो तिकिटं बघतो, सकाळच्या नाश्त्याचं विचारतो, कधीकधी तिकीट स्वतःकडे ठेवतो आणि सकाळी परत देतो. घाबरू नका, तिकीट तपासायला रात्रीतून तुम्हाला उठवावं लागू नये म्हणून ती पद्धत आहे. पासपोर्ट मात्र आपल्याकडेच ठेवा. ऑस्ट्रिया आणि इटली दोन्ही शेंगेनमध्ये असल्याने शिक्का वगैरे काही बसत नाही, तरी टार्व्हिझिओच्या सीमेच्या आसपास पोलिस चढून कागद बघू शकतात. गणवेशात असतात, दार वाजवतात, पासपोर्ट तुमच्यासमोर बघून परत देतात. साध्या कपड्यांतल्या कुणी 'पोलिस' म्हणून पासपोर्ट घेऊन जायची भाषा केली तर सरळ अटेंडंटला हाक मारा. मिश्र कंपार्टमेंट मिळालं आणि कुणा सहप्रवाशाचं वागणं खटकलं तरी त्यालाच सांगायचं. डब्यात जागा रिकामी असेल तर तो हलवतो. दुसरीकडे जागा आहे का हे माहीत असतं ते त्यालाच, म्हणून गाडी सुटल्यावर लवकर सांगितलेलं बरं.

आता बॅगा. तुमचे हाल मला इथे दिसतायत.

सामान ठेवायला दोनच जागा. एक खालच्या बर्थखाली. दुसरी दाराच्या वर, पॅसेजच्या छताच्या पोकळीत आत गेलेली खोल फळी. ती बऱ्यापैकी मोठी असते, दोन-तीन बॅगा आत जातात, पण तिथे बॅग पोचवायची तर शिडीवर उभं राहून डोक्याच्या वर उचलावी लागते. बर्थखाली मधल्या आकाराची बॅग आडवी सरकते, २८ इंची फुगलेली कडक बॅग बहुधा अडकते. सहा जणांच्या सहा मोठ्या बॅगा म्हटल्यावर हिशोब बसतच नाही. जे आधी चढतात त्यांच्या बॅगा बसतात, उशिरा येणाऱ्यांच्या मधल्या जागेत उभ्या राहतात, आणि रात्री आईंना त्या ओलांडून दारापर्यंत जावं लागतं. विमानासारखी वजनाची मर्यादा नाही याचा लोक भलता अर्थ काढतात. काट्यावर कुणी वजन करणार नाही, पण उचलायची आपल्यालाच आहे. अटेंडंट हमाल नव्हे. चांगला असेल तर हात लावतो, त्यावर भरवसा ठेवून जाऊ नका.

म्हणून दोन मोठ्या बॅगांऐवजी दोन मध्यम बॅगा न्या, २४ इंचाच्या आसपासच्या, शक्यतो कापडी. मे महिन्यात जाड कोट लागत नाहीत, त्यामुळे हे जमतं. मोठ्याच न्यायच्या असतील तर निदान एक मोठी आणि एक केबिन बॅग असं करा. मोठी आईंच्या बर्थखाली जाते का बघायची, केबिन बॅग वर. आणि या दोन्हींशिवाय रात्रीची एक वेगळी पिशवी करा, आपली साधी कापडी शबनम चालेल. त्यात आईंच्या गोळ्या, टूथब्रश, पातळ पंचा, मोजे, स्वेटर किंवा शाल, पाण्याची बाटली, टिश्यू आणि चष्म्याची डबी. ही पिशवी तुमच्या बर्थवर राहणार. कारण अकरा वाजता दिवे बंद झाल्यावर गोळ्या मोठ्या बॅगेत आहेत हे आठवलं, तर पाच झोपलेल्या बायकांच्या डोक्यावरून बॅग खाली काढायची वेळ येते. मी हे बघितलंय, आणि त्यानंतर नाश्त्याला कुणी कुणाशी बोलत नाही हेही बघितलंय.

साखळी न्यावी का, असं मला प्रत्येक जण विचारतो. आपल्याकडे सीटखाली साखळीसाठी कड्या असतात, तिथे त्या असतीलच असं धरू नका. शिडीला तर मुळीच बांधू नका, ती इतरांनाही लागते. पण पातळ वायरचं एक कुलूप न्या आणि दोन्ही बॅगांची हँडल एकमेकींना बांधून टाका. दोन बॅगांचं ते गाठोडं पॅसेजमधून घाईने कुणी पळवत नाही.

गाडीपर्यंत पोचण्याचंही थोडं बघा. रात्रीच्या या गाड्यांना वेगवेगळ्या शहरांचे डबे जोडलेले असू शकतात, आणि मध्यरात्री कुठेतरी ते सुटे होऊन वेगळ्या इंजिनाला लागतात. म्हणजे 'गाडी तीच आहे, आत चढू आणि मग शोधू' हे दिवसाच्या गाडीत ठीक, इथे नाही. तिकिटावर Wagen पुढे डब्याचा नंबर आणि Platz पुढे बर्थचा नंबर असतो. प्लॅटफॉर्मवरच्या फलकावर कुठला डबा कुठल्या अक्षराच्या भागात थांबणार ते दाखवतात. डब्याच्या दाराशी नंबर आणि शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, तिथे व्हेनेझिया दिसलं की चढा. निदान अर्धा तास आधी प्लॅटफॉर्मवर रहा. याचा दुसरा फायदा तुम्हाला आता कळला असेल, बॅगांची जागा आधी चढणाऱ्याला मिळते.

चढण्यापूर्वी स्टेशनातल्याच सुपरमार्केटमधून पाणी आणि फळं घ्या. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, पण मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात. या गाडीत जेवणाच्या डब्यावर अवलंबून राहू नका, अटेंडंटकडे किरकोळ खाऊ मिळतो तेवढाच. थेपले, दशम्या, कोरडी चटणी काहीही न्या, फक्त लसणाची चटणी गाडी सुटायच्या आधी प्लॅटफॉर्मवर संपवा. बंद खोलीत तिचा वास सकाळपर्यंत जात नाही, आणि आपल्याला तो कळतही नाही.

अंथरुणाचं सोपं आहे. प्रत्येक बर्थवर एक उशी, एक ब्लँकेट आणि धुतलेली चादर मिळते, तिकिटातच धरलेली. काही डब्यांत ही चादर पिशवीसारखी शिवलेली असते, तिच्यात शिरून झोपायचं. ती बघून लोक गोंधळतात आणि एक थर खाली, एक वर असं अंथरायला जातात. अंथरायचं आपल्यालाच आहे, कुणी येऊन करत नाही. बर्थ म्हणजे गादी नाही, आपल्या एसी डब्यासारखाच रेक्झिनचा किंवा कापडाचा घट्ट बर्थ असतो, त्यामुळे कंबर धरणाऱ्यांनी ब्लँकेट खाली घालून वर आपली शाल घ्यावी. मी स्वतः तेच करतो. घरून चादर-उशी न्यायची गरज नाही, ती बॅगेत जागा खाते. नॅपकिन मात्र मिळत नाही, तो स्लीपरवाल्यांना. कपडे बदलायला आडोसा नसतो, म्हणून दिवसभराचे जीन्स घालून न येता सैल सुती सलवार-कुर्ता घालूनच चढा आणि त्यातच झोपा. सगळे तसंच करतात.

बाथरूम आणि तोंड धुवायची जागा डब्याच्या टोकाला, सगळ्या डब्याला मिळून. तिथल्या नळाचं पाणी प्यायचं नाही, तसं चित्र लावलेलं असतं. आईंसाठी सहज पायात सरकणाऱ्या चपला बर्थखाली पुढेच ठेवा, बॅगांच्या मागे नकोत. आणि एक सांगतो, आईंना बाथरूमला जाऊन यायला सांगा ती वेळ म्हणजे गाडी सुटल्यावर पहिला अर्धा तास, सगळे सामान लावण्यात गुंतलेले असताना. पहाटे सहानंतर रांग लागते.

आपल्याकडे मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा उघडायचा असा नियम आहे. तिथे ते आपसात ठरतं. सहाच्या कंपार्टमेंटमध्ये एकाला आडवं व्हायचं असेल तर सगळ्यांनाच व्हावं लागतं, कारण बसायची जागा म्हणजे खालचे बर्थ. बहुतेक जण दहा-साडेदहाला स्वतःच बर्थ पाडतात. आईंना लवकर झोपायची सवय असेल तर चढल्या चढल्या हसून तसं सांगून टाका. प्रत्येक बर्थला आपला छोटा दिवा असतो, मोठा दिवा बंद झाल्यावर त्यावर वाचता येतं.

सकाळी पोचण्याच्या थोडं आधी अटेंडंट उठवतो आणि नाश्ता देतो. पाव, लोणी, जॅम आणि चहा किंवा कॉफी. शाकाहारी माणसाला विचारायची गरज पडत नाही. त्या दिवशी व्हेनिसहून पुढचं विमान किंवा न बदलता येणारी गाडी सकाळची ठेवू नका, रात्रीच्या गाड्यांना तास-दीड तास उशीर होणं नवलाचं नाही. युरोपीय नियमाप्रमाणे तासाभराच्या पुढे उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तासांच्या पुढे ५० टक्के भरपाई मागता येते, त्यासाठी तिकीट फेकू नका. क्वचित ऐनवेळी डबाच बदलतो आणि कुशेटच्या जागी बसायची जागा हातात येते. तसं झालं तर अटेंडंटकडून लेखी शेरा किंवा निदान डब्याचा आणि जागेचा फोटो घ्या, फरकाचे पैसे मागताना तोच कामाला येतो.

उतरताना 'व्हेनेझिया मेस्त्रे' असा फलक दिसला की अर्धा डबा उभा राहतो. तुमचं हॉटेल मेस्त्रेत नसेल तर बसून रहा. तो मुख्य भूमीवरचा भाग आहे, तुम्हाला त्याच्यापुढचं सांता लुचिया हवंय. मधली दहा मिनिटं गाडी खाडीवरच्या लांब पुलावरून जाते, दोन्ही बाजूंना पाणी. बॅगा आधीच दारापाशी आणून ठेवल्या असतील, तर आईंना तेवढा वेळ पॅसेजच्या खिडकीपाशी उभं करा.